परिपाठातलं चार मिनिटांचं भाषण: तंबाखूच्या जाहिरातीला शाळकरी मुलंच का हवी असतात?

प्रश्न: मी नागपुरात माध्यमिक शाळेत शिकवते. परिपाठात नववीची एक विद्यार्थिनी चार मिनिटं बोलणार आहे. विषय आहे, तंबाखूच्या जाहिराती मुद्दाम तरुणांनाच का गाठतात. शोधलं की फक्त ‘तंबाखू आरोग्यास हानिकारक’ एवढंच सापडतं. नेमकं काय सांगावं, आणि पुराव्यानिशी कसं सांगावं?

उत्तर:

मॅडम, चार मिनिटांत एकच गोष्ट नीट सांगून होते, म्हणून आधी ती ठरवून घ्या. माझ्या मते ती अशी आहे: तंबाखूच्या धंद्याचं गिऱ्हाईक सतत गळत असतं. काही मरतात, काही सोडतात. त्यांच्या जागी येणारं नवं गिऱ्हाईक जवळजवळ सगळं शाळा-कॉलेजच्या वयाचंच असतं. पडद्यावरचे हिरो, इलायचीच्या जाहिराती, क्रिकेट, सगळं याच एका हिशोबातून निघतं. मुलीने हा हिशोब मांडला आणि कंपन्यांनी तो स्वतःच्या हाताने लिहून ठेवला होता हे सांगितलं, की भाषण झालं.

मी तोंडाच्या रोगांवर काम करणारी डेंटिस्ट आहे. रोज जे तोंड उघडून बघते ते बघता मला खरं तर रोगावरच बोलावंसं वाटायला हवं. तरी शाळेत मी रोगापासून सुरुवात करत नाही आणि तुम्हीही करू नका. चौदा वर्षांच्या मुलाला पंचेचाळिसाव्या वर्षी होणारा कॅन्सर दूरचा वाटतो. पण आपल्याला कोणीतरी बनवतंय, आपल्यावर डाव टाकतंय, हे त्याला आजच्या आज झोंबतं.

याला आधार आहे. अमेरिकेत १९९८ मध्ये एका सिगारेट कंपनीने स्वतःच मुलांसाठी मोहीम काढली. तिचा सूर असा, की विचार करा आणि ओढू नका. त्याच काळात फ्लोरिडात ‘ट्रुथ’ नावाची वेगळी मोहीम सुरू झाली आणि २००० मध्ये ती देशभर गेली. तिच्यात उपदेश नव्हता, कंपन्या मुलांना कशा फसवतात तेवढंच दाखवलं होतं. पुढे अभ्यासकांनी दोन्ही मोहिमा तपासल्या. कंपनीची मोहीम पाहिलेली मुलं सिगारेट ओढून बघायला उलट जास्त तयार दिसली. १९९९ ते २००२ या काळात तिथल्या शाळकरी मुलांमधलं धूम्रपान बरंच घटलं, आणि त्या घटीतला साधारण पाचवा हिस्सा ‘ट्रुथ’चा असल्याचं अभ्यासात निघालं. म्हणजे तुमच्या विद्यार्थिनीला मिळालेला विषयच कामाचा आहे. त्याला पुन्हा ‘हानिकारक’च्या वळणावर जाऊ देऊ नका. ‘हे मोठ्यांचं आहे, लहानांनी करू नये’ हे वाक्यही टाळा. ज्याला मोठं व्हायची घाई झाली आहे त्याच्या कानाला ते आमंत्रणासारखं लागतं.

आता पुरावा. अमेरिकेतल्या खटल्यांमुळे सिगारेट कंपन्यांचे आतले लाखो कागद बाहेर आले. १९९८ मध्ये ४६ राज्यांशी झालेल्या तडजोडीनंतर ते सर्वांना वाचायला खुले झाले. त्यातले दोन कागद भाषणाला पुरेसे आहेत.

पहिला १९७३ चा, आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीतल्या क्लॉड टीग या संशोधन अधिकाऱ्याचा. तरुणांसाठी नवा ब्रँड कसा असावा, हा त्याचा विषय. कंपनीला पुढेही टिकायचं आणि वाढायचं तर तरुणांच्या बाजारातला वाटा मिळवलाच पाहिजे, असं तो स्पष्ट लिहितो. मग तो मुलांचे टप्पे पाडतो: अजून न ओढणारा, शिकाऊ आणि पक्का. अजून न ओढणाऱ्याला निकोटीनची गरज नसते, आणि धूर तर त्याला नकोसाच वाटतो. मग तो सुरुवात का करेल? मित्रांत सामील होण्यासाठी, मोठं दिसण्यासाठी, धाडस दाखवण्यासाठी, कंटाळा घालवण्यासाठी. म्हणून त्याला ब्रँडसोबत ही प्रतिमा द्यायची. शिकाऊला घशात कमी टोचणारी सिगारेट द्यायची, म्हणजे शिकणं सोपं जाईल. जाहिरातीत तंबाखूची चव का नसते आणि दोस्तमंडळी, गाड्या, उंच कडे आणि रुबाबच का असतो, याचं उत्तर या एका कागदात आहे. वस्तूत सांगण्यासारखं सुखच नसतं, ते बाहेरून आणून चिकटवावं लागतं.

दुसरा कागद त्याच कंपनीचा, १९८४ चा. जागा भरून काढणारे ओढणारे फक्त तरुणांतूनच येतात, असं त्यात म्हटलं आहे. तरुणांनी पाठ फिरवली तर धंदा आटत जाईल, जशी मुलं जन्मालाच न येणारी लोकसंख्या आटते. पुढे २००६ मध्ये अमेरिकेतल्या न्यायाधीश ग्लॅडिस केस्लर यांनी निकालात कंपन्यांनी मुलांना लक्ष्य केलं आणि ते नाकारत राहिल्या, असा ठपका ठेवला.

इथे एक मर्यादा पाळायची. हे कागद अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांचे आहेत. ‘भारतातल्या प्रत्येक कंपनीने असं लिहिलं’ असं मुलीने म्हणू नये. भारतातलं जे डोळ्यांसमोर घडलं तेच सांगावं, आणि त्यातलं एक तर आपल्या गावातलंच आहे. १९९६ चा क्रिकेट विश्वचषक विल्स या सिगारेटच्या नावाने झाला. त्यातला ऑस्ट्रेलिया-झिम्बाब्वे सामना १ मार्च १९९६ ला नागपुरात, सिव्हिल लाइन्सच्या व्हीसीए मैदानावर झाला. आपल्या संघाच्या शर्टावरही त्या काळात तेच नाव होतं. सचिनसाठी जीव टाकणारी पोरं ते नाव छातीवर बघतच मोठी झाली. २००३ च्या कोटपा या तंबाखू नियंत्रण कायद्याने तंबाखूची जाहिरात आणि असं प्रायोजकत्व, दोन्ही बंद केलं. आज उरला तो विक्रीच्या जागेवरचा ६० सेंमी बाय ४५ सेंमीचा फलक, आणि त्यावरही ब्रँडचं नाव किंवा पाकिटाचं चित्र चालत नाही.

मग आजची जाहिरात कुठे आहे? मुलंच सांगतील: इलायची, केसर, माउथ फ्रेशनर. नाव गुटख्या-पानमसाल्याच्या पुडीवरचंच, रंग तोच, अक्षरांचं वळण तेच, फक्त वस्तू दुसरी. महाराष्ट्रात गुटखा आणि पानमसाल्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि ती दरवर्षी नव्या आदेशाने वाढवली जाते. तरी मॅचच्या मध्ये ते नाव घराघरात पोचतं. आडवळणाची जाहिरात ओळखायची एक साधी कसोटी मुलांना द्या: जाहिरात जिची आहे ती वस्तू तुमच्या किराणा दुकानात खरंच तेवढी विकली जाते का? इलायचीच्या दाण्यांसाठी एवढे मोठे नट आणि एवढा महाग वेळ कोणी विकत घेतं का? जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा जाहिरातींना मनाई करणारे नियम काढले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अक्षय कुमारने अशाच एका जाहिरातीबद्दल चाहत्यांची माफी मागून त्यातून अंग काढून घेतलं होतं. हे मुलांना आठवतं, आणि ‘म्हणजे त्यालाही कळलं होतं ना’ हे ते आपणहून म्हणतात.

नागपुरात आणखी एक प्रश्न हमखास येतो. मागच्या बाकावरचा एखादा पोरगा विचारतो, ‘मॅडम, खर्र्याची कुठं जाहिरात असते?’ बरोबर आहे त्याचं. खर्र्याला कंपनी नसते. सुपारी, तंबाखू आणि चुना पानठेलेवाला स्वतः घोटतो आणि पन्नीत बांधून देतो. त्यामुळे भाषणात खर्र्याचं खापर जाहिरातीवर फोडू नका, मुलं लगेच पकडतील. पण त्याच ठेल्याच्या समोर पुड्यांच्या माळा लटकतात. त्या बघायला तुम्ही स्वतः एकदा ठेल्यापुढे पाचवीतल्या मुलाच्या उंचीएवढं वाकून उभ्या राहा. मोठ्या माणसाला छातीशी दिसणारी माळ त्या मुलाच्या थेट डोळ्यांसमोर येते, आणि तिच्या शेजारी बरणीत चॉकलेटं असतात. एक-दोन रुपयांची गोड सुपारीची पुडी मुलांच्या हातात इथूनच जाते. टीगने ज्याला शिकाऊ म्हटलं त्याची पहिली पायरी आपल्याकडे ही आहे. तोंडात काहीतरी धरून ठेवायची सवय गोड सुपारीने लागते, आणि मग खर्रा परका राहत नाही.

आता भाषण. मी असं लिहिलं असतं. सावकाश वाचलं तर साधारण चार मिनिटं लागतात.

“नमस्कार. मी आज एक हिशोब मांडणार आहे.

आपल्या देशात तंबाखूमुळे वर्षाला सुमारे साडेतेरा लाख माणसं मरतात. म्हणजे रोज जवळपास ३,७००. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. क्षणभर तंबाखू विकणाऱ्या कंपनीच्या मालकाच्या खुर्चीत बसा आणि हाच आकडा पुन्हा बघा. आज ३,७०० गिऱ्हाइकं गेली. काहींनी तंबाखू सोडली, तीही गेली. उद्या माल मात्र तेवढाच खपायला हवा. मग ती जागा कोण भरणार?

माझी आजी भरेल का? तिने सत्तर वर्षांत तंबाखूला हात लावला नाही, ती आता नाही लावणार. आपले सर? चाळिशीत अचानक सिगारेट सुरू करणारं माणूस तुम्ही पाहिलंय का? अमेरिकेत रोज ओढणाऱ्या दहा मोठ्या माणसांपैकी जवळपास नऊ जणांनी अठरा वर्षांच्या आत सुरुवात केलेली असते. आपल्याकडे २०१९ मध्ये १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांची देशभर सरकारी पाहणी झाली. त्यात खायची तंबाखू वापरणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलांनी दहा वर्षांचे व्हायच्या आधीच ती तोंडात टाकली होती. दहा वर्षं म्हणजे चौथी-पाचवी.

म्हणजे ती रिकामी जागा आपल्यासाठी आहे.

हे कंपन्यांना माहीत होतं का? होतं. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या सिगारेट कंपनीतल्या अधिकाऱ्याने लिहून ठेवलं, की टिकायचं असेल तर तरुणांच्या बाजारातला वाटा मिळवलाच पाहिजे. त्याने हेही लिहिलं, की ज्याने कधी ओढली नाही त्याला सिगारेटची गरज नसते. तो ओढतो ते मित्रांत सामील व्हायला आणि मोठं दिसायला. म्हणून त्याला तेच विका. हा कागद गुप्त होता. कोर्टात खटले झाले म्हणून तो आज आपल्याला वाचता येतो.

आता आपल्या गावात या. घरी आईबाबांना विचारा, १९९६ च्या वर्ल्ड कपचं नाव काय होतं? तो एका सिगारेटच्या नावाचा कप होता, आणि त्यातली एक मॅच इथे, सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर झाली. खेळाडू आपले, टाळ्या आपल्या, आणि नाव सिगारेटचं.

ते आता कायद्याने बंद आहे. आज टीव्हीवर इलायची येते. मोठा नट येतो, गाडीतून उतरतो, रुबाबात एक दाणा तोंडात टाकतो. मला सांगा, आपल्या घरी इलायची कोणता नट बघून आणतात? चहासाठी आई किराणा दुकानातून आणते. मग एवढा पैसा कशासाठी? ते नाव आपल्या डोक्यात राहावं म्हणून. तेच नाव दुसऱ्या पुडीवर असतं.

आज घरी जाताना एक काम करा. वाटेत जिथे पुड्यांच्या माळा दिसतील तिथे फक्त बघा, विकत काही घेऊ नका. त्या माळा बाबांच्या डोळ्यांसमोर आहेत की तुमच्या? त्यांच्या शेजारी काय ठेवलंय? उद्या वर्गात सांगा. आपण ते कागदावर मांडू.”

भाषणात एकाही ब्रँडचं नाव नाही, ते मुद्दाम. शंभर मुलांसमोर माइकवरून नाव घेतलं की त्या कंपनीची फुकट जाहिरात होते, आणि मधल्या सुटीत पोरं तेच नाव गमतीने घेत फिरतात. आकडेही जास्त नाहीत. मोठा आकडा ऐकून सोडून दिला जातो, म्हणून साडेतेरा लाखांच्या मागोमाग रोजचे ३,७०० आणि लगेच मालकाची खुर्ची आली आहे. ती खुर्ची भाषणाचा कणा आहे, मुलगी तिथे थांबून बोलली पाहिजे. तालमीत बहुतेक मुलं नेमकी तीच ओळ घाईने म्हणून जातात. ‘ती रिकामी जागा आपल्यासाठी आहे’ या वाक्याआधी आणि नंतर एक पूर्ण श्वास घ्यायला सांगा. सभागृह गप्प झालं तर समजा पोचलं. कुजबुज सुरू झाली तर आकड्यांचा भाग लांबला आहे, अमेरिकेचा आकडा काढून टाका.

सोबत नाटुकलं बसवायचा मोह टाळा. सिगारेट ओढणाऱ्याची भूमिका नेहमी वर्गातल्या सगळ्यात रुबाबदार मुलाला मिळते, तो झोकात धूर सोडायचा अभिनय करतो आणि टाळ्या त्यालाच पडतात. टीगला हवी होती ती प्रतिमा आपण स्टेजवर फुकट उभी करतो. सडलेल्या तोंडांचे फोटोही परिपाठात नकोत. लहान वर्ग मान फिरवतात आणि मोठे हसतात. आणि ‘कोणी कोणी खाल्लंय, हात वर करा’ हे तर कधीच नको.

नंतर दोन-तीन प्रश्न येतातच, त्यांची तयारी ठेवा. ‘नुसती सुपारी चालते ना, तंबाखू नाही त्यात?’ नाही चालत. सुपारी स्वतःच कॅन्सरकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केलं. तिच्यामुळे गालाच्या आतली कातडी ताठ होते आणि तोंड उघडणं कमी कमी होत जातं. स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात जातात का ते बघा म्हणावं. जात नसतील, किंवा तिखट खाताना तोंड जळत असेल, तर दातांच्या डॉक्टरकडे जायचं. सभेत सगळ्यांनी एकदम करायचा हा प्रकार नाही, ज्याचं अडतं तो उघडा पडतो. घरी आरशासमोर करायला सांगा.

‘शाळेसमोरच विकतात, त्याचं काय?’ शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत, तंबाखू विकता येत नाही आणि १८ वर्षांखालच्याला कुठेच विकता येत नाही. कोटपात याचा दंड २०० रुपयांपर्यंतच आहे, त्यामुळे कोणी घाबरत नाही. पण मुलाला तंबाखू देणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. सप्टेंबर २०२० पासून महाराष्ट्रात सुटी सिगारेट आणि बिडी विकायलाही बंदी आहे, आणि ती बंदी मुलांच्याच कामाची आहे, कारण पूर्ण पाकिटाचे पैसे त्यांच्याकडे नसतात. तक्रार शाळेने करावी, मुलांना ठेलेवाल्याशी भिडायला लावू नये. मुलांनी मांडलेला माळांचा कागद त्या तक्रारीला जोडा.

तिसरा प्रश्न माइकवर येत नाही. भाषण झाल्यावर एखादं लेकरू जवळ येऊन हळूच विचारतं, ‘माझे बाबा खर्रा खातात, ते वाईट आहेत का?’ याचं उत्तर तुम्ही आणि ती मुलगी, दोघींनी आधी ठरवून ठेवा. वाईट नाहीत. बहुतेक तेही तुझ्याएवढे असतानाच कोणीतरी त्यांच्या हातात पहिली पुडी दिली, आणि निकोटीन लहान वयात लागलं की सोडणं जास्त जड जातं. बाबांना रागावू नकोस. त्यांना एक नंबर दे: १८००-११-२३५६. तंबाखू सोडायला मदत करणारी ही सरकारी हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो आणि तंबाखूच्या पाकिटावरही तो छापलेला असतो.

तो नंबर भाषणात घालू नका. परिपाठ झाल्यावर व्हरांड्यातल्या फळ्यावर लिहा आणि आठवडाभर राहू द्या. सगळ्यांसमोर तो कोणी उतरवून घेत नाही, मधल्या सुटीत येऊन घेतात.